वृद्धिवक्र प्रतिमानाचे अहवाललेखन : आंतरछेद आणि चढ यांच्या प्रचरणाचा अर्थ

एकाच विद्यार्थ्याचे पुनःपुन्हा मापन केले की त्या मापनांतून एक रेषा उभी राहते, हे आपणांस ठाऊक आहे. पन्नास विद्यार्थ्यांच्या पन्नास रेषा होतात. या रेषांची सरासरी काढणे सोपे असते आणि शैक्षणिक संशोधनाच्या बहुसंख्य प्रबंधिकांमध्ये तेवढेच केलेले आढळते. परंतु रेषा एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, कोठे वेगळ्या आहेत आणि त्या वेगळेपणातील खरा भाग किती, या प्रश्नांची उत्तरे सरासरी देत नाही. ती उत्तरे आंतरछेदाचे प्रचरण आणि चढाचे प्रचरण या दोन राशींत असतात. संगणक त्या राशी क्षणात छापून देतो. मात्र त्यांचा अर्थ शब्दांत मांडताना जी गफलत होते, ती पुढे निष्कर्षापर्यंत पोहोचते. ‘मागे असलेली मुले अधिक वेगाने प्रगती करतात’ यासारखे विधान, ज्यावर एखाद्या शाळेचे धोरण ठरू शकते, निव्वळ काळाचा शून्यबिंदू कोठे ठेवला यावरून जन्माला येऊ शकते. ते कसे घडते, हे प्रस्तुत घटकात आपण एका खऱ्या सामग्रीच्या आधारे पाहणार आहोत.

सामग्रीचा परिचय

रिचर्ड पॉटहॉफ आणि समरेंद्रनाथ रॉय यांनी १९६४ साली वृद्धिवक्रांच्या विश्लेषणावर एक लेख प्रसिद्ध केला. रॉय हे मूळचे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील. पुढे ते अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले. लेखातील उदाहरणासाठी त्यांनी तेथील दंतवैद्यक विभागात जमवलेली मापने घेतली. २७ मुले, त्यांपैकी १६ मुलगे आणि ११ मुली. प्रत्येकाचे वयाच्या ८, १०, १२ आणि १४ व्या वर्षी एक मापन. क्ष-किरण छायाचित्रावर पिट्युटरी ग्रंथीच्या मध्यापासून वरच्या जबड्याच्या मागील एका फटीपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजलेले आहे.

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाने जबड्याची मापने का पाहावीत, असा प्रश्न पडेल. कारण दोन आहेत. ही सामग्री `R` या संगणकप्रणालीतील `nlme` संचात `Orthodont` या नावाने विनामूल्य मिळते, त्यामुळे पुढील प्रत्येक आकडा आपण स्वतः पडताळून पाहू शकता. दुसरे असे की, मिलिमीटर हे एकक आठव्या आणि चौदाव्या वर्षी एकच असते. वाचनाच्या किंवा गणिताच्या गुणांबाबत एवढी खात्री देता येत नाही, आणि नवी संकल्पना शिकताना एका वेळी एकच अडचण समोर असलेली बरी.

प्रतिमान

प्रत्येक मुलाचे मापन आपण असे मांडतो :

```
Y_ij = (b0 + u0_i) + (b1 + u1_i) * t_ij + e_ij
```

येथे `b0` आणि `b1` हे सर्व मुलांचे सरासरी आंतरछेद आणि सरासरी चढ होत. `u0_i` म्हणजे i या मुलाची रेषा सरासरी रेषेपेक्षा किती वर किंवा खाली आहे ते, आणि `u1_i` म्हणजे तिचा चढ सरासरी चढापेक्षा किती अधिक किंवा उणा आहे ते. `e_ij` हा अवशिष्ट भाग; त्या मुलाच्या स्वतःच्या रेषेपासून त्या एका मापनाचे झालेले विचलन. प्रतिमान प्रत्येक मुलासाठी दोन-दोन अंक स्वतंत्रपणे शोधत नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. ते `u0` चे प्रचरण, `u1` चे प्रचरण, या दोहोंचे सहप्रचरण आणि `e` चे प्रचरण अशा केवळ चार राशींचे अनुमान करते. या चार राशी हाच आपल्या लेखनाचा विषय.

येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण बी.एड. आणि एम.एड. स्तरावरील अनेक अभ्यास पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी एवढ्यावरच थांबतात. दोनच मापने असतील तर सामग्रीतून दोन प्रचरणे आणि एक सहप्रचरण, म्हणजे तीनच राशी मिळतात, आणि शोधावयाच्या राशी मात्र चार आहेत. तीन समीकरणांतून चार अज्ञाते निघत नाहीत. तेव्हा दोन चाचण्यांच्या सामग्रीवर चढाचे प्रचरण आणि मापनातील अवशिष्ट वेगळे करता येत नाहीत. किमान तीन मापने हवीत. चार असल्यास उत्तम.

आता गणन करू. वय हा काल, परंतु त्यातून ११ वजा केलेले, म्हणजे शून्यबिंदू चारही मापनांच्या मध्यावर :

```
library(nlme)
m1 <- lme(distance ~ I(age - 11), data = Orthodont,
          random = ~ 1 | Subject)
m2 <- lme(distance ~ I(age - 11), data = Orthodont,
          random = ~ I(age - 11) | Subject)
anova(m1, m2)
VarCorr(m2)
```

`m1` मध्ये प्रत्येक मुलाला स्वतःचा आंतरछेद आहे, पण चढ सर्वांना एकच. `m2` मध्ये दोन्ही वेगवेगळे. दुसऱ्या प्रतिमानातून मिळणारी उत्तरे अशी : सरासरी आंतरछेद २४.०२ मिमी, सरासरी चढ दरवर्षी ०.६६० मिमी. आंतरछेदाचे प्रमाण विचलन २.१३, चढाचे ०.२२६, अवशिष्टाचे १.३१. आंतरछेद आणि चढ यांचा सहसंबंध ०.५०.

प्रमाण विचलन वाक्यात कसे उतरवावे

संगणक प्रचरण आणि प्रमाण विचलन दोन्ही देतो. तक्त्यात प्रचरण द्यावे, पण विवेचन मात्र प्रमाण विचलनाच्या भाषेत करावे, कारण त्याचे एकक वाचकाच्या ओळखीचे असते. चढाचे प्रचरण ०.०५१३ आहे असे लिहिले तर त्याचे एकक ‘वर्षाला मिलिमीटर’ याचा वर्ग होते, आणि त्यातून कोणाच्याही डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. शिवाय ०.०५ हा आकडा दिसायला क्षुल्लक. अनेक विद्यार्थी तो पाहून ‘चढातील तफावत नगण्य आहे’ असे लिहून मोकळे होतात.

त्याऐवजी असे करावे. सरासरी चढ ०.६६०, प्रमाण विचलन ०.२२६. चढांचे वितरण प्रसामान्य मानले तर सुमारे ९५ टक्के मुलांचे खरे चढ ०.६६० पासून १.९६ × ०.२२६, म्हणजे ०.४४ इतक्या अंतराच्या आत असतील. दरवर्षी सुमारे ०.२२ मिमीपासून १.१० मिमीपर्यंत. एका टोकाचे मूल दुसऱ्या टोकाच्या मुलापेक्षा पाचपट वेगाने वाढते. ‘नगण्य’ हा शब्द आता कोणी वापरणार नाही. वाढ जवळजवळ सर्वच मुलांत धन आहे, मूल मागे जात नाही, हेही याच वाक्यातून कळते. ही मर्यादा सरासरीच्या विश्वासांतरालाहून वेगळी आहे, हे लेखनात स्पष्ट असावे. विश्वासांतराल सरासरी चढ किती नेमका कळला ते सांगते, तर ही मर्यादा मुले एकमेकांपासून किती भिन्न आहेत ते सांगते.

शून्यबिंदू आणि सहसंबंधाचे चिन्ह

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. वर आपण वयातून ११ वजा केले. समजा ते केले नाही आणि वय जसेच्या तसे घातले. तेच मुलगे, त्याच मुली, तीच मापने. चढाची सरासरी ०.६६० आणि प्रमाण विचलन ०.२२६ जसेच्या तसे राहतात. अवशिष्टही १.३१ च राहते. प्रतिमान सामग्रीशी जितके जुळत होते तितकेच जुळते. परंतु आंतरछेद २४.०२ ऐवजी १६.७६ होतो, त्याचे प्रमाण विचलन २.३३ होते आणि सहसंबंध ०.५० ऐवजी −०.६१ होतो.

चिन्ह बदलले. पहिल्या गणनातून वाचक म्हणेल, ज्यांचे माप मोठे त्यांची वाढही जलद. दुसऱ्यातून म्हणेल, ज्यांची सुरुवात लहान त्यांची वाढ जलद. दोन्ही निष्कर्ष एकाच सामग्रीतून आलेले आहेत.

उलगडा अवघड नाही. आंतरछेद म्हणजे काल शून्य असताना रेषेची उंची. वय न बदलता घातले तर काल शून्य म्हणजे जन्मक्षण, आणि सर्वांत पहिले मापन तर आठव्या वर्षीचे आहे. आठ ते चौदा या पट्ट्यातील रेषा मागे ओढत नेल्या की तीव्र चढाच्या रेषा शून्यापाशी खूप खाली येतात आणि सौम्य चढाच्या रेषा वर राहतात. सहसंबंध ऋण झाला तो या मागे ओढण्यामुळे. नवजात अर्भकांविषयी त्याने काहीच सांगितलेले नाही.

हे अंकांनी तपासता येते. शून्यबिंदू c या वयावर नेला तर नवे सहप्रचरण म्हणजे जुने सहप्रचरण अधिक c गुणिले चढाचे प्रचरण. जन्मापाशी सहप्रचरण −०.३२१ आहे, चढाचे प्रचरण ०.०५१३. तेव्हा −०.३२१ + ०.०५१३c ही राशी शून्य होते ती c सुमारे ६.३ असताना. त्यानंतर ती धन. आपली मापने आठव्या वर्षी सुरू होतात, म्हणजे मापनांच्या संपूर्ण पट्ट्यात सहसंबंध कोठेही ऋण नाही. आठव्या वर्षी तो ०.२१, अकराव्या वर्षी ०.५०, चौदाव्या वर्षी ०.६९. याच हिशेबाने मुलांमधील खऱ्या फरकाचे प्रमाण विचलन आठव्या वर्षी १.८९, अकराव्या वर्षी २.१३ आणि चौदाव्या वर्षी २.५५ मिमी येते. रेषा पंख्यासारख्या उलगडत जातात.

हीच आकृती वाचनाच्या गुणांत दिसली तर तिचा अर्थ असा होतो की, पुढे असलेली मुले आणखी पुढे जात आहेत. किथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली वाचनाच्या संदर्भात ‘मॅथ्यू परिणाम’ या नावाने जे मांडले ते याच प्रकारचे. आणि इयत्ता तिसरी ते सहावीची सामग्री घेऊन काल म्हणून इयत्तेचा आकडा तसाच वापरला, तर शून्य म्हणजे शाळेबाहेरची कुठलीशी शून्यावी इयत्ता होते. ऋण सहसंबंध छापून येतो. आणि अहवालात ‘अप्रगत विद्यार्थी भरपाई करीत आहेत’ असे वाक्य उतरते. त्या वाक्यावर विसंबून एखादा पूरक वर्ग बंद झाला, तर त्याची किंमत प्रत्यक्ष मुले मोजतात.

म्हणून नियम असा ठेवावा : सहसंबंधाचा आकडा कधीही एकटा लिहू नये. ‘वयाच्या ११ व्या वर्षीच्या पातळीचा आणि चढाचा सहसंबंध ०.५०’ असेच लिहावे. शून्यबिंदू कोठे ठेवावा हे संशोधनाच्या प्रश्नावरून ठरते. उपक्रम सुरू होताना मुले कोठे होती हे विचारायचे असेल तर पहिल्या मापनावर, शेवटी कोठे पोहोचली हे विचारायचे असेल तर शेवटच्या मापनावर. मापनांच्या बाहेर मात्र तो कधीच नसावा.

चढाचे प्रचरण खरे आहे काय

`m1` आणि `m2` यांची तुलना केली असता संभाव्यता-गुणोत्तराचे मूल्य ४.३७ येते. `m2` मध्ये दोन राशी अधिक आहेत, चढाचे प्रचरण आणि सहप्रचरण, म्हणून संगणक स्वातंत्र्यांश २ धरतो आणि p = ०.११ छापतो. हा आकडा थोडा कडक आहे. प्रचरण ऋण असू शकत नाही. ‘प्रचरण शून्य आहे’ ही शून्य परिकल्पना संभाव्य मूल्यांच्या अगदी काठावर बसते. अशा वेळी स्वातंत्र्यांश १ आणि २ यांच्या p मूल्यांची सरासरी घेणे योग्य ठरते : ०.०३७ आणि ०.११३ यांची सरासरी ०.०७५.

तरीही ०.०५ च्या वरच. मग चढाचे प्रचरण काढून टाकून `m1` स्वीकारावे काय? माझ्या मते नाही, आणि कारण पुढील दोन आकड्यांत आहे. सरासरी चढाची प्रमाण त्रुटी `m1` मध्ये ०.०६१६ आहे, `m2` मध्ये ०.०७१३. सर्व मुलांचा चढ एकच आहे असे गृहीत धरले की, सरासरी चढ आपल्याला प्रत्यक्षाहून अधिक नेमका कळल्याचा भास होतो. येथे फरक सोळा टक्क्यांच्या आसपास आहे. चढातील तफावत मोठी असेल आणि मापने अधिक असतील तर तो याहून कितीतरी वाढतो. मुले वेगवेगळ्या वेगाने वाढतात ही गोष्ट कोणत्याही शिक्षकाला नवी नाही. २७ मुलांच्या चार-चार मापनांनी ती सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती नाकारणे म्हणजे पुराव्याच्या अभावाला अभावाचा पुरावा मानणे होय. प्रचरण प्रतिमानात ठेवावे आणि पुरावा निर्णायक नाही हे त्याच परिच्छेदात लिहावे.

याउलट, प्रचरण खरोखरच सामग्रीतून निघत नसेल तर तशी चिन्हे दिसतात. सहसंबंध नेमका १ किंवा −१ येतो, प्रचरण शून्याला टेकते, किंवा `lme4` संच वापरत असल्यास पडद्यावर `boundary (singular) fit` असा संदेश उमटतो. असे झाल्यास ते आकडे अर्थ लावण्यायोग्य नसतात. सहसंबंध १ आला म्हणून ‘परिपूर्ण संबंध’ असे लिहिलेले मी वाचले आहे. ते वाक्य प्रबंधिकेत राहता कामा नये.

एकेका मुलाचा चढ

काही अभ्यासक या प्रतिमानाला वळसा घालून सोपी वाट धरतात. प्रत्येक मुलाची रेषा वेगळी काढायची, चढांची यादी करायची आणि त्यानुसार मुलांचे ‘जलद’ व ‘मंद’ असे गट पाडायचे. या वाटेतील धोका प्रचरणाच्याच भाषेत नेमका सांगता येतो.

वेगळ्या काढलेल्या चढात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, खरा चढ आणि मापनातील चूक. चुकीचा वाटा म्हणजे अवशिष्ट प्रचरण भागिले कालविचलनांच्या वर्गांची बेरीज. अवशिष्ट प्रचरण १.३१ चा वर्ग, १.७१६. मध्यापासून विचलने −३, −१, १, ३; वर्गांची बेरीज २०. भागाकार ०.०८५८. खऱ्या चढाचे प्रचरण ०.०५१३. म्हणजे यादीत दिसणाऱ्या एकूण ०.१३७१ प्रचरणापैकी खरा भाग केवळ ३७ टक्के, उरलेले ६३ टक्के मापनातील चूक. यालाच चढाची विश्वसनीयता ०.३७ असे म्हणतात. अकराव्या वर्षीच्या पातळीची विश्वसनीयता याच रीतीने काढली तर ०.९१ येते. मूल कोठे आहे हे चार मापनांतून उत्तम कळते. ते किती वेगाने चालले आहे हे कळत नाही.

सामग्रीतील `M13` या मुलाचे उदाहरण घेऊ. त्याची चार मापने १७, २४.५, २६ आणि २९.५ अशी आहेत. वेगळी रेषा काढली तर चढ दरवर्षी १.९५ मिमी, सरासरीच्या जवळजवळ तिप्पट. प्रतिमान मात्र या मुलाचा चढ सुमारे १.०७ असा देते. ते त्याची मापने नाकारत नाही; एवढा अतिरेकी चढ खऱ्या वाढीतून येण्याची शक्यता आणि आठव्या वर्षीच्या एका विचित्र मापनातून येण्याची शक्यता यांचा तोल साधून ते त्याला सरासरीकडे ओढते. १७ वरून एकदम २४.५ हे पाहिले की ही सावधगिरी पटते. `M09` या मुलाचे माप तर २३ वरून २०.५ वर उतरते आणि मग ३१ वर चढते. जबडा असा मागेपुढे होत नसतो.

विश्वसनीयता वाढवायची कशी? हाच हिशेब सामग्री जमवण्यापूर्वी मांडून पाहावा. आठ ते चौदा याच काळात दरवर्षी एक, अशी सात मापने घेतली तर वर्गांची बेरीज २८ होते आणि विश्वसनीयता ०.४६. त्याऐवजी चार मापनांत सोळाव्या वर्षीचे एकच मापन जोडले तर बेरीज ४० आणि विश्वसनीयता ०.५४. अर्थात तोवर वाढ सरळ रेषेतच चालू राहील असे यात गृहीत आहे, आणि ते प्रत्येक वेळी खरे असेलच असे नाही. तरी परीक्षांची संख्या वाढवण्यापेक्षा पाहण्याचा काळ लांबवणे येथे फायद्याचे, हे लक्षात यावे.

प्रचरणाचे स्पष्टीकरण

चढ वेगवेगळे का आहेत, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. मुलगा की मुलगी हे चल आणि त्याची वयाशी आंतरक्रिया प्रतिमानात घातली असता मुलग्यांचा सरासरी चढ ०.७८४ आणि मुलींचा ०.४८० येतो. फरक ०.३०५, प्रमाण त्रुटी ०.१३५. आता चढाचे उरलेले प्रमाण विचलन ०.१८०, म्हणजे प्रचरण ०.०५१३ वरून ०.०३२५ वर आले. चढातील तफावतीचा सुमारे ३७ टक्के भाग या एका चलाने उलगडला, असे लिहिता येईल. हा आकडा वर आलेल्या विश्वसनीयतेच्या ३७ टक्क्यांशी जुळणे हा केवळ योगायोग आहे; दोहोंचा परस्परांशी संबंध जोडू नये.

अवशिष्टाचे प्रमाण विचलन मात्र १.३१ च राहिले, आणि ते तसेच राहायला हवे होते. मुलगा की मुलगी हे मुलाचे न बदलणारे लक्षण असल्यामुळे ते मुलामुलांतील फरक समजावू शकते, एकाच मुलाच्या मापनांतील चढउतार समजावू शकत नाही. असे चल घातल्यावर आपल्या गणनात अवशिष्ट ठळकपणे घटलेले दिसले, तर सामग्रीच्या नोंदीत काही गोंधळ झाला आहे काय, ते आधी तपासावे.

लेखनाचा नमुना

वरील विश्लेषण प्रबंधिकेत कसे उतरावे याचा एक नमुना देतो. शब्द आपले ठेवावेत, क्रम मात्र असाच राहिल्यास परीक्षकास मागे वळून शोधावे लागत नाही.

‘२७ मुलांच्या प्रत्येकी चार मापनांवर (वय ८, १०, १२, १४) रेषीय वृद्धिवक्र प्रतिमान बसवले. काल म्हणून वय वापरले असून शून्यबिंदू ११ वर्षे आहे. आंतरछेद व चढ मुलागणिक बदलू दिले आणि त्यांच्यातील सहप्रचरण मुक्त ठेवले. अनुमान मर्यादित महत्तम संभाव्यता पद्धतीने, `R` मधील `nlme` संचाद्वारे केले. वयाच्या ११ व्या वर्षी सरासरी माप २४.०२ मिमी आणि सरासरी वार्षिक वाढ ०.६६० मिमी (प्रमाण त्रुटी ०.०७१) आढळली. ११ व्या वर्षीच्या पातळीचे प्रमाण विचलन २.१३ मिमी, वार्षिक वाढीचे ०.२२६ मिमी, अर्थात सुमारे ९५ टक्के मुलांची वार्षिक वाढ ०.२२ ते १.१० मिमी या मर्यादेत अपेक्षित आहे. ११ व्या वर्षीची पातळी व वाढीचा वेग यांचा सहसंबंध ०.५० असून मापनांच्या संपूर्ण वयोमर्यादेत तो धन आहे. चढाच्या प्रचरणाचा पुरावा निर्णायक नाही (संभाव्यता-गुणोत्तर ४.३७; काठाचा विचार करून p = ०.०७५), तथापि सरासरी चढाची प्रमाण त्रुटी कमी लेखली जाऊ नये म्हणून ते प्रतिमानात ठेवले आहे. अवशिष्ट प्रमाण विचलन १.३१ मिमी. स्वतंत्रपणे काढलेल्या चढांची विश्वसनीयता ०.३७ असल्याने मुलांची वाढीनुसार क्रमवारी लावलेली नाही.’

या परिच्छेदात ‘सार्थक’ हा शब्द एकदाही आलेला नाही, हे आपल्या ध्यानी आले असेल.

शाळेतील सामग्रीकडे जाताना

आपल्या सामग्रीत मिलिमीटर नसतील, गुण असतील. इयत्ता तिसरीच्या चाचणीत १०० पैकी ६० आणि चौथीच्या चाचणीत १०० पैकी ६० मिळवणारा विद्यार्थी जागच्या जागी राहिलेला नाही. चाचणी अवघड झाली आहे. चारही वेळा एकच चाचणी किंवा एकाच मापश्रेणीवर बसवलेल्या चाचण्या नसतील, तर चढाला अर्थ उरत नाही आणि त्याच्या प्रचरणालाही नाही. प्रत्येक वर्षाचे गुण त्या त्या वर्षाच्या सरासरी व प्रमाण विचलनानुसार प्रमाणित करून घेण्याची पळवाट पुष्कळांना सुचते. तिने प्रश्न सुटत नाही. प्रत्येक वर्षी प्रमाण विचलन १ केले की रेषांचा पंखा उलगडण्याचा मार्गच बंद होतो. जे शोधायचे तेच पुसले जाते. एका मिनिटात मुलाने बरोबर वाचलेले शब्द, सारख्याच काठिण्याच्या उताऱ्यांवर मोजलेले, यासारखे एकक या दृष्टीने अधिक भरवशाचे असते.

दुसरे, आपली मुले वर्गांत बसलेली असतात. एका शिक्षकाच्या हाताखालील तीस मुलांचे चढ एकमेकांसारखे असू शकतात. तसे असताना वर्ग ही पातळी प्रतिमानात आली नाही तर वर्गावर्गांतील फरक मुलामुलांच्या फरकात मिसळतो आणि चढाचे प्रचरण मुलांच्या खात्यावर जमा होते. पुरेसे वर्ग असतील तर तिसरी पातळी घालावी. वर्ग दोनतीनच असतील तर वर्गाला स्थिर परिणाम म्हणून घ्यावे आणि निष्कर्ष त्याच वर्गांपुरता राखावा.

स्वयं-अध्ययन

वरील आज्ञावलीतील `m2` मध्ये दोन्ही ठिकाणी ११ ऐवजी १४ लिहून गणन करा. कोणते आकडे बदलले आणि कोणते तसेच राहिले याची यादी करा. आंतरछेदाचे प्रमाण विचलन २.५५ आणि सहसंबंध ०.६९ यांच्या आसपास न आल्यास आज्ञेतील यादृच्छिक भागातही बदल केला आहे काय, ते पाहा. बहुधा तो केवळ स्थिर भागात झालेला असतो.